न वाकलेल्या तुळईतला ताण

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात 1960च्या दशकाच्या मध्यावर न्यूमार्केट व्हायाडक्ट हा लांबलचक उन्नत पूल बांधला गेला. आतून पोकळ पेटीसारखा छेद, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट, वरून धावणारा मोटरवे. त्या काळच्या मानानं आधुनिक काम होतं. पुढे या पुलाच्या काँक्रीटला तडे गेलेले आढळले. शोध घेतल्यावर बोट उन्हाकडे गेलं. दुपारी पुलाचा वरचा पृष्ठभाग तापत होता, पोटाकडचा भाग सावलीत थंडच राहत होता, आणि या फरकातून निर्माण होणारं बल आराखड्यात पुरेसं धरलेलं नव्हतं. पुलाला पुढे मजबुती द्यावी लागली.

ऊन लागलं की काँक्रीट प्रसरण पावतं हे अभियंत्यांना नवं नव्हतं. त्यासाठीच पुलाला एक्स्पान्शन जॉइंट ठेवतात आणि तुळई सरकती राहावी म्हणून बेअरिंग बसवतात. पण ही सोय लांबी वाढण्यापुरती असते. तुळई वरून तापलेली आणि खालून थंड असेल, तर ती नुसती लांब होत नाही, ती वाकू पाहते. हे वाकणं अडवलं गेलं तर काय होतं, ते समजून घेण्यासाठी तुळईची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवावी लागतात.

पहिल्या चित्रात तुळई दोन आधारांवर नुसती टेकवलेली आहे. तिची टोकं हवी तशी फिरू शकतात. तिचा वरचा थर तापून लांबतो, तळाचा थर आहे तेवढाच राहतो, आणि मधले थर आपापल्या उंचीप्रमाणे थोडे थोडे लांबतात. वरची कड लांब आणि खालची आखूड असेल, तर हे सगळे थर एकमेकांना न ओढता एकत्र राहण्याचा एकच मार्ग उरतो: तुळईनं वर्तुळाच्या कंसासारखं वळायचं. धावण्याच्या गोल ट्रॅकवर बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा लांब असते, तसाच हा कंस असतो. तुळई मधोमध वर उचलली जाते आणि प्रत्येक थराला हवी तेवढी लांबी मिळते. वरून खालपर्यंत तापमान सरळ रेषेत उतरत असेल, तर अशा मोकळ्या तुळईत उष्णतेमुळे कसलाच स्ट्रेस येत नाही. ती डोळ्यांदेखत वाकते, पण आतून निवांत असते.

दुसऱ्या चित्रात तीच तुळई दोन्ही टोकांना जाड भिंतींत पक्की बसवलेली आहे, इतकी पक्की की टोक तसूभरही फिरू शकत नाही. लांबी वाढायला मात्र वाव आहे असं समजू, म्हणजे लांबीचा प्रश्न बाजूला राहील. आता ऊन वाढतं. तुळईला कमान घ्यायची असते आणि कमान घ्यायची तर टोकं फिरायला हवीत. भिंती ती फिरू देत नाहीत. त्या प्रत्येक टोकावर उलट दिशेचं पिळवटणारं बल, म्हणजे बेंडिंग मोमेंट, लावतात आणि घेऊ पाहिलेली कमान मोडून काढतात. दोन्ही टोकांवरचा मोमेंट सारखा आणि परस्परविरुद्ध असल्यामुळे तो तुळईच्या संपूर्ण लांबीत एकसारखा पसरतो. उष्णतेची कमानही संपूर्ण लांबीत एकसारख्याच वक्रतेची असते. एक दुसरीला नेमकी पुसून टाकते. परिणामी ही तुळई मधोमध वर उचलली जात नाही, खालीही झुकत नाही. ती अगदी सरळ राहते आणि तिच्यातला स्ट्रेस मात्र जास्तीत जास्त असतो.

या विषयाची सगळी अडचण इथे आहे. माणूस झोल पाहून भाराचा अंदाज घेतो. फळी वाकली की तिच्यावर वजन जास्त झालं असं आपण समजतो आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. उष्णतेच्या बाबतीत हा अंदाज उलटा पडतो. जी वाकली ती सुटली, आणि जी सरळ राहिली तिनं सगळं सोसलं.

किती सोसलं, ते आकड्यांनीच पाहावं. एका इमारतीच्या गच्चीखाली 6 मीटर लांबीचा काँक्रीटचा बीम आहे असं धरू. रुंदी 300 मिलिमीटर, खोली 600 मिलिमीटर, काँक्रीट एम-25, दोन्ही टोकं जाड काँक्रीटच्या भिंतींत पक्की. दुपारी बीमचा माथा तळापेक्षा 15 अंश सेल्सिअसनं जास्त तापला आहे. काँक्रीटमधली खडी महाराष्ट्रात सर्वत्र मिळणाऱ्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. अशा काँक्रीटची एक किलोमीटर लांब पट्टी कल्पिली, तर एका अंशाच्या वाढीला ती सुमारे 9 मिलिमीटर लांबेल. त्या हिशेबानं आपल्या 6 मीटरच्या बीमचा माथा तळापेक्षा जेमतेम 0.8 मिलिमीटरनं लांब होऊ पाहतो. टोकं मोकळी असती, तर बीम मधोमध 1 मिलिमीटर वर आला असता. नुसत्या डोळ्यांना ते कळलंही नसतं.

हा 1 मिलिमीटर अडवण्याची किंमत मोठी आहे. सूत्र छोटंसंच आहे:

M = E I α ΔT / h

यात E म्हणजे काँक्रीटची ताठरता, I म्हणजे छेदाच्या आकारातून येणारा वाकण्याला विरोध, α म्हणजे प्रसरणाचा गुणांक, ΔT म्हणजे माथा आणि तळ यांच्यातला तापमानाचा फरक, आणि h म्हणजे बीमची खोली. एम-25 काँक्रीटसाठी आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे E हा 25,000 मेगापास्कल येतो. आकडे घातले की मोमेंट निघतो सुमारे 30 किलोन्यूटन-मीटर. ज्यांना हे एकक परकं वाटतं त्यांच्यासाठी असं सांगता येईल: या बीमवर टोकापासून टोकापर्यंत सारखं पसरलेलं जवळजवळ 6 टन वजन ठेवलं, तर त्याच्या टोकांशी एवढाच मोमेंट येईल. एक मिलिमीटरची कमान नाकारण्यासाठी भिंतींना 6 टनांच्या वजनाइतकं झटावं लागतं.

माथ्यावर आणि तळावर येणारा स्ट्रेस काढायचा तर सूत्र आणखी सोपं होतं. E, α आणि ΔT यांचा गुणाकार करायचा आणि त्याचा अर्धा घ्यायचा. आपल्या बीमला तो सुमारे 1.7 मेगापास्कल येतो: माथ्यावर दाब आणि तळाला ताण. दाबाची चिंता नाही, कारण काँक्रीट दाब सहज पेलतं. ताणाला मात्र ते कच्चं आहे. एम-25 काँक्रीट वाकताना सुमारे 3.5 मेगापास्कल ताणाला तडकतं असं आयएस 456 धरतं. त्याची निम्मी कुवत ऊन एकट्यानं वापरतं, बीमवर कोणी पाऊल ठेवण्याआधीच.

या दुसऱ्या सूत्रात बीमची खोली कुठेच नाही, हे नजरेतून निसटू नये. भारासाठी बीम कमी पडला की अभियंता त्याची खोली वाढवतो आणि स्ट्रेस झपाट्यानं उतरतो. ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. उष्णतेपुढे ती कामाची नाही. हाच बीम 600 ऐवजी 1200 मिलिमीटर खोल केला आणि माथा-तळातला फरक 15 अंशच राहिला, तर तळाचा ताण तेवढाच राहतो, 1.7 मेगापास्कल. मोमेंट मात्र चौपट होतो आणि तो पेलायचं ओझं भिंतींवर, खांबांवर आणि सांध्यांवर जातं. बीम जितका ताठ, तितका तो वाकायला नकार देतो आणि तितकंच मोठं बल आपल्याभोवती उभं करतो. चांगल्या प्रतीचं काँक्रीट वापरलं की त्याची ताठरताही वाढते, म्हणून तिथेही सगळा फायदा पदरात पडत नाही.

आता बीमवर नेहमीचा भारही ठेवू: त्याचं स्वतःचं वजन, स्लॅब आणि गच्चीवरचं सामान मिळून दर मीटरला 20 किलोन्यूटन, म्हणजे पूर्ण लांबीवर सुमारे 12 टन. या भारामुळे टोकांशी 60 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो आणि तिथे माथ्याला ताण बसतो. मधोमध 30 येतो आणि तिथे ताण तळाला बसतो. म्हणून टोकांशी मुख्य सळया वर घालतात आणि मध्यावर खाली. बांधकामावर काम केलेला कोणताही फिटर हे न सांगता जाणतो.

उन्हाचा मोमेंट मात्र सगळीकडे 30 आहे आणि सगळीकडे तळालाच ताण देतो. टोकांशी तो भाराच्या विरुद्ध जातो, त्यामुळे 60 चे 30 होतात आणि टोकांना उलट आराम मिळतो. मधोमध दोन्ही एका दिशेचे असल्यामुळे 30 चे 60 होतात. तळाचा ताण 1.7 वरून 3.4 मेगापास्कलच्या जवळ जातो, काँक्रीट तडकण्याच्या अगदी उंबरठ्यावर. काँक्रीट वाळताना आकसल्यामुळे त्यात आधीच थोडा ताण असतो. तो धरला तर हा उंबरठा ओलांडला जाण्याची शक्यता बरीच आहे.

पण सर्वांत नाजूक जागा मध्यावर नाही. टोकापासून साधारण सव्वा मीटरवर, म्हणजे लांबीच्या एकपंचमांशापाशी, एक ठिकाण असं असतं की जिथे भाराचा मोमेंट शून्य होतो. एका बाजूला माथ्याचा ताण संपलेला असतो, दुसऱ्या बाजूला तळाचा ताण सुरू व्हायचा असतो. आराखड्यात हा निवांत टापू मानला जातो. वरच्या जादा सळया इथवर येऊन थांबतात. खालच्या सळयांपैकीही पुष्कळ इथे तोडल्या जातात, कारण सलग बीममध्ये तळाच्या सळयांचा किमान चौथा हिस्सा आधारापर्यंत न्यावा एवढीच मानकाची अट असते. भाराच्या दृष्टीनं हे सगळं बरोबर आहे. उन्हाच्या दृष्टीनं मात्र इथे शून्यावर थेट 30 चढतात, तेही तळाच्या बाजूनं, जिथे सळया सर्वांत कमी आहेत. भाराचा आलेख चढतो, उतरतो, शून्यातून जातो. पक्क्या टोकांच्या तुळईतला उष्णतेचा आलेख सपाट असतो, त्याला शून्य कुठेच नसतं. अभियंत्यानं ज्या जागेकडे बिनधास्त पाठ फिरवली, तिथेही तो तेवढाच हजर असतो.

हे कागदावरचं भय नाही, जर्मनीनं ते प्रत्यक्ष अनुभवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे लांब सलग पूल गाळ्यामागून गाळा घालत बांधले गेले. एक गाळा झाला की त्याच्या पोलादी केबलच्या टोकाला कपलर लावून पुढच्या गाळ्याची केबल जोडायची. हे जोड कुठे ठेवायचे? अर्थातच जिथे मोमेंट नगण्य आहे तिथे, पिअरपासून गाळ्याच्या साधारण एकपंचमांश अंतरावर. त्याच जागी नव्या-जुन्या काँक्रीटचा सांधाही येई. आराखड्यात तापमानाच्या फरकाचा विचार त्या काळी होत नसे. पुढे असंख्य पुलांवर नेमक्या याच सांध्यांच्या तळाशी तडे दिसू लागले. 1976 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या हेर्डटर ड्रायएक इथल्या उन्नत रस्त्यावर तर अशा सांध्यात पोलादच तुटल्याचं आढळलं. तडा उघडला की वाहतुकीचा प्रत्येक धक्का कपलरजवळच्या पोलादावर थेट येतो, आणि लाखो धक्क्यांनंतर पोलाद थकून तुटतं. वाहनांचा भार एरवीही होताच. सांधा उघडण्यात उन्हाचा वाटा मोठा होता. त्यानंतर जर्मन नियमांनी तापमानातला फरक हिशेबात धरणं आणि या सांध्यांतून पुरेशा सळया नेणं आवश्यक केलं.

इथे कोणी विचारेल की पुलाची टोकं तर भिंतीत बसवलेली नसतात, तो बेअरिंगवर नुसता टेकलेला असतो, मग त्याला पक्क्या टोकांचा नियम कसा लागू होतो? अनेक गाळ्यांच्या सलग पुलात मधल्या एखाद्या पिअरवर उभं राहून पाहिलं की उत्तर मिळतं. डावीकडचा गाळा कमान घेण्यासाठी आपलं टोक एका दिशेनं फिरवू पाहतो, उजवीकडचा गाळा तेच टोक उलट दिशेनं. दोघांची ओढ सारखी, म्हणून कोणीच फिरत नाही. शेजारचा गाळाच भिंतीचं काम करतो. लांबी वाढायला बेअरिंग खुशाल सरकतं, पण वळायला कोणीही जागा देत नाही. दोनच गाळ्यांचा सलग पूल असेल, तर मधल्या पिअरवरचा मोमेंट पक्क्या टोकांच्या हिशेबाच्याही दीडपट होतो, कारण दोन्ही गाळ्यांची मिळून घेतली जाणारी एक मोठी कमान त्या एकाच जागी खाली दाबून धरलेली असते.

आतापर्यंत तापमान वरून खाली सरळ रेषेत उतरतं असं मानलं. प्रत्यक्षात काँक्रीटमधून उष्णता फार संथ सरकते. सकाळपासून दुपारपर्यंतच्या उन्हात वरचे पंधरा-वीस सेंटिमीटर चांगले तापतात आणि त्याखालच्या भागाला उन्हाची खबरच नसते. न्यूमार्केटच्या अनुभवानंतर न्यूझीलंडमध्ये नायजेल प्रीस्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बारकाईनं काम केलं. पुढे भूकंप-अभियांत्रिकीत जगभर नाव झालेले हेच ते प्रीस्टली. त्यांच्या कामातून न्यूझीलंडच्या नियमांत आलेली तापमानाची रेषा सरळ नाही. ती माथ्याशी 32 अंशांपासून सुरू होते आणि 1.2 मीटर खोलीपर्यंत पाचव्या घातानं कोसळते, म्हणजे आधी झपाट्यानं आणि मग जवळजवळ सपाट. भारतात आयआरसी:6 या पुलांच्या भारविषयक संहितेत हीच गोष्ट तुकड्यांच्या रेषांनी दाखवली आहे. दुपारच्या स्थितीसाठी माथा गाभ्यापेक्षा 17.8 अंशांनी गरम धरायचा, वरच्या थोड्याशा जाडीत तो फरक 4 अंशांवर आणायचा आणि मग शून्यावर. तळाशी उबदार हवेमुळे पुन्हा 2.1 अंश. रात्रीची स्थिती वेगळी. निरभ्र आकाशाखाली माथा गाभ्यापेक्षा 10.6 अंशांनी थंड आणि तळही 6.6 अंशांनी थंड. तेव्हा वळण्याची दिशा उलटते आणि ताण माथ्याकडे जातो.

अशी वाकडी रेषा हाती आली की अभियंता तिचे तीन भाग करतो. पहिला भाग सरासरी तापमानाचा: त्यानं तुळई लांबते आणि बेअरिंगवर सरकते. दुसरा भाग त्या वाकड्या रेषेशी समतुल्य अशा सरळ उताराचा: वर सांगितलेला सगळा मोमेंट त्याच्यातून येतो. उरलेला तिसरा भाग तुळईच्या थराथरांतल्या आपसांतल्या ओढाताणीचा असतो. माथ्याचा पातळ थर लांबू पाहतो, खालचा गाभा त्याला धरून ठेवतो. हा तिसरा भाग टोकं मोकळी सोडली तरी जात नाही, कारण तो टोकांमुळे आलेलाच नसतो.

खडीचा मुद्दा महाराष्ट्राला सोयीचा पडतो. आयएस 456 मधल्या तक्त्याप्रमाणे बेसाल्टच्या खडीचं काँक्रीट एका अंशाला दर किलोमीटरमागे 8 ते 9.5 मिलिमीटर प्रसरण पावतं, तर क्वार्टझाइटचं 12 ते 13. ऊन तेवढंच असेल, तर दख्खनच्या काळ्या दगडाच्या तुळईत क्वार्टझाइटच्या तुळईपेक्षा साधारण तीस टक्के कमी ताण येतो. आयआरसी:6 मात्र सरसकट 12 चा आकडा घ्यायला सांगते, त्यामुळे इथल्या पुलांच्या हिशेबात थोडी सावधगिरी आपोआप जमा होते.

एखाद्या तुळईला गेलेला तडा उन्हामुळे गेला आहे की भारामुळे, हे जागेवर ओळखता येतं का? बऱ्याच अंशी येतं. पक्क्या टोकांच्या तुळईत उष्णतेचा मोमेंट सगळीकडे सारखा असतो, आणि जिथे मोमेंट बदलत नाही तिथे शिअर, म्हणजे कातरणारं बल नसतं. म्हणून हे तडे उभे आणि सरळ असतात, आधाराकडे तिरके झुकत नाहीत. ते तळाकडून वर चढतात आणि अनेकदा अशा ठिकाणी दिसतात जिथे भारामुळे तडा जाण्याचं कारणच नसतं. पण खरी परीक्षा घड्याळाची आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा चिकटवून त्याची रुंदी दर दोन तासांनी मोजायची, तीही पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत, आणि सोबत माथ्याचं व तळाचं तापमान नोंदवायचं. वाहतूक दिवसभर तेवढीच असताना दुपारी दोन ते चारच्या सुमारास तडा रुंदावत असेल आणि पहाटे मिटत असेल, तर आरोपी निश्चित होतो. भर उन्हात एकदाच येऊन रुंदी मोजून गेलेल्या पाहणीत हा फरक कधीच उमटत नाही, आणि पावसाळी ढगाळ दिवशी केलेल्या पाहणीत तर तडाच नीट दिसत नाही.

तडा गेला म्हणजे पूल पडणार असं मात्र नाही. उष्णतेचा मोमेंट वजनासारखा हट्टी नसतो. वजन ठेवलं की ते पेलावंच लागतं, मग तुळईला तडा जावो अथवा न जावो. उष्णतेचा मोमेंट तुळईच्या ताठरतेवर जगतो. तळाला तडे गेले की छेदाची ताठरता घसरते, तुळईला हवी असलेली वक्रता थोडीफार मिळते आणि मोमेंटही उतरतो. तळाला पुरेशा सळया असतील, तर एका मोठ्या फटीऐवजी केसासारखे बारीक अनेक तडे पडतात आणि तिथेच भागतं. म्हणून साध्या सळयांच्या काँक्रीटमध्ये ही बाब मुख्यतः टिकाऊपणाची मानली जाते: पाणी आत जाऊ नये, सळई गंजू नये. प्रीस्ट्रेस्ड तुळईचं तसं नाही. ती न तडकण्यासाठीच बांधलेली असते, म्हणून शेवटपर्यंत पूर्ण ताठर राहते आणि उष्णतेचा मोमेंटही पूर्ण अंगावर घेते. तिच्या तळाला सळया बहुधा कमी असतात, त्यामुळे तडा गेलाच तर तो एकटा आणि रुंद असतो. काँक्रीट दीर्घकाळ दाबाखाली हळूहळू ढिलं होत जातं, त्याला क्रीप म्हणतात, आणि त्यामुळे ऋतूंच्या संथ बदलाचा ताण काहीसा निवतो. पण दुपारचं ऊन पाच-सहा तासांत येऊन जातं. एवढ्या घाईत क्रीप फारशी मदत करू शकत नाही.

उपाय करायचा तर सूत्रातली कोणती राशी आपल्या हातात आहे ते पाहावं लागतं. दगड बहुधा परिसरच ठरवतो. ताठरता कमी करता येत नाही. उरतो तो तापमानाचा फरक. गच्चीवर पूर्वापार घातला जाणारा विटांच्या तुकड्यांचा कोबा पाण्यासाठी असतो असं लोक मानतात, पण तो खालच्या बीमसाठी उष्णतारोधकाचंही काम करतो. पुलावर हेच काम डांबराचा जाड थर करतो. न्यूझीलंडच्या नियमात डांबराच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे माथ्याचे 32 अंश 0.2 अंशांनी उतरवतात, म्हणजे 50 मिलिमीटर डांबराखाली 32 चे 22 राहतात. युरोपच्या संहितेत हाच विचार गुणकांच्या रूपात आहे. 50 मिलिमीटर डांबर असलेल्या काँक्रीटच्या पुलाला 1 धरलं, तर 100 मिलिमीटरला 0.7 आणि 150 मिलिमीटरला 0.5. उघड्या काँक्रीटला 0.8, कारण ते फिकट रंगाचं असतं आणि बरंच ऊन परतवतं. सर्वांत मोठा आकडा आहे 1.5, आणि तो पाणीरोधक काळा थर घालून झालेला, पण डांबर अजून न पडलेल्या पुलासाठी आहे. रंग सगळं ऊन शोषून घेणारा आणि जाडी उष्णता अडवायला अपुरी, अशी ती अवस्था.

म्हणजे पूल वाहतुकीला खुला होण्याआधीच्या काही आठवड्यांत, त्याच्यावर एकही वाहन नसताना, तापमानाचा फरक आयुष्यातला सर्वांत मोठा असू शकतो. त्याच वेळी काँक्रीटही कोवळं असतं. भर उन्हाळ्यात पाणीरोधक थर अंथरून डांबराचं काम पुढच्या महिन्यावर ढकललं, तर ती तारीख कामाच्या वेळापत्रकाबरोबर तुळईच्या हिशेबातही यायला हवी. तळाच्या सळया त्या महिन्याच्या उन्हाला पुरतील का, हे आधी तपासून मगच थर अंथरायचा.